बाळाचा श्वास वाजतो, आणि आपण म्हणतो ‘आपोआप जाईल’

तान्ह्या बाळाचा श्वास वाजायला लागला की आमच्या प्रकाशा परिसरात दोनच निदानं ऐकू येतात. घरातली आजी म्हणते, "कफ झालाय, छाती भरली." आणि आम्ही डॉक्टर म्हणतो, "स्वरयंत्र नरम आहे, आपोआप जाईल." पहिलं निदान बहुतेकदा चुकीचं असतं. दुसरं बहुतेकदा बरोबर असतं, आणि माझ्या मते म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे.

आधी आवाज ओळखा. चोंदलेल्या नाकाची घुरघुर ओलसर असते, नाक साफ केलं की बदलते. मी म्हणतोय तो आवाज श्वास आत ओढताना येतो, किरकिरा, कधी शिट्टीसारखा. त्याला स्ट्रायडर म्हणतात. हवा जाण्याची वरची वाट कुठेतरी अरुंद झाली आहे, एवढंच तो सांगतो. का झाली, ते सांगत नाही. कफाच्या औषधाने ही वाट रुंद होत नाही, आणि या वयात ते औषध देऊही नये.

सर्वात जास्त आढळणारं कारण नरम स्वरयंत्र हेच, वैद्यकीय भाषेत लॅरिंगोमलेशिया. स्वरयंत्राच्या वरचा भाग लुसलुशीत असतो आणि श्वास घेताना आत ओढला जातो. आवाज बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू होतो. उताणं झोपवलं, बाळ रडलं, दूध प्यायला लागलं की वाढतो. पालथं धरलं की कमी होतो. (म्हणून पालथं झोपवू मात्र नका, झोप उताणीच.) रडणं खणखणीत असतं. काही महिने आवाज वाढतो, मग उतरत जातो आणि दीड-दोन वर्षांत बहुतेक बाळांचा थांबतो.

आता माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सव्वादोन महिन्यांची एक मुलगी आली. आवाज होता, रडणं स्वच्छ होतं. मी आईला म्हटलं, "काळजी करू नका, नरम स्वरयंत्र आहे." दुसरीकडे तिला दोनदा वाफ आणि स्टिरॉइड मिळालं होतं. दर वेळी आवाज उतरला आणि आठवड्याभरात परत आला. तिसऱ्या खेपेला मी नीट विचारलं, "आवाज नक्की कधीपासून?" आई म्हणाली, "सव्वा महिन्याची होईपर्यंत काहीच नव्हतं, डॉक्टरसाहेब." तेव्हा कुठे मी झबलं काढून पूर्ण मिनिटभर बघत बसलो. आवाज श्वास सोडतानाही येत होता. हनुवटीखाली लाल, किंचित उठलेला डाग होता. घरच्यांना तो डास चावल्याचा वाटला होता.

उशिरा सुरुवात, दोन्ही बाजूंचा आवाज, दाढीच्या जागेवर लाल डाग, स्टिरॉइडने तात्पुरता आराम. यातलं काहीच नरम स्वरयंत्रात बसत नव्हतं. दुर्बिणीने पाहिल्यावर स्वरतंतूंच्या खाली रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा, निघाली. अशी गाठ पहिले काही महिने वाढत राहते आणि वाट बंदही करू शकते. प्रोप्रॅनोलॉल नावाचं हृदयासाठीचं जुनं औषध यावर चालतं, हे 2008 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. रुग्णालयात दाखल करून, नाडी आणि साखर तपासत ते सुरू केलं आणि काही दिवसांत श्वास मोकळा झाला. मुलगी वाचली, पण माझ्या ‘आपोआप जाईल’मुळे नव्हे.

म्हणून माझा आग्रह आहे: डॉक्टर ‘नरम आहे’ म्हणाले, तर "कशावरून?" असं विचारा. आवाज उशिरा सुरू झाला, श्वास सोडतानाही येतो, रडणं घोगरं किंवा दबकं आहे, जन्मानंतर घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं, यातलं एक जरी असलं तरी दुर्बीण हवीच. ही बारीक, लवचिक दुर्बीण नाकातून जाते आणि काम काही मिनिटांत होतं. निदान खरंच नरम स्वरयंत्राचं असलं, तरी वजन बघा. या वयात आठवड्याला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढायला हवेत. दूध पिताना दम लागतो, वजन थांबलंय, अशा बाळाला वाट बघायला लावू नये. दहातल्या एक-दोघांना छोटी शस्त्रक्रिया लागते.

आणि काही वेळा अपॉइंटमेंटचीही वाट बघायची नाही. शांत असतानाही छातीची खळगी खोल आत ओढली जाते, ओठ निळे पडतात, श्वास मध्येच थांबतो, बाळ मलूल होतं, लाळ गळते आणि गिळता येत नाही, किंवा अगदी ठीक असलेल्या बाळाचा श्वास अचानक वाजायला लागतो, तर 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या मांडीवर, त्याला सोयीचं वाटेल तसं राहू द्या. रडवू नका, दूध-पाणी पाजू नका. आणि ‘कफ काढायला’ घशात बोट तर अजिबात घालू नका.

तातडी नसेल, तर दवाखान्यात येण्यापूर्वी झबलं काढून मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, एक झोपेत, एक दूध पिताना. माझ्यासमोर आलं की बाळ नेमकं गप्प बसतं.