सोसायटीचा सीसीटीव्ही सुरक्षेसाठी आहे, ग्रुपवरच्या चर्चेसाठी नाही

गेल्या आठवड्यात आमच्या सातपूरच्या सोसायटीच्या कमिटीला मी एक ईमेल केला. त्यावरून ग्रुपवर बरंच बोलून झालं. "ज्याला लपवायचं असतं तोच असं मागतो" असंही एकाने लिहिलं. म्हणून मुद्दा इथे सविस्तर मांडतो.

झालं असं की जिन्यात कोणीतरी कचऱ्याची पिशवी ठेवून गेलं. कमिटीने डीव्हीआरवरून चाळीस सेकंदांची क्लिप काढून ग्रुपवर टाकली. पिशवी ठेवणारा त्यात पाठमोरा दिसतो, तोही अर्धवट. स्पष्ट दिसते ती एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून परतलेली एक ताई. कुलूप उघडून ती आत जाते, दारावरचा फ्लॅट नंबर दिसतो, कोपऱ्यात वेळ दिसते. पिशवीशी तिचा काडीचा संबंध नाही. पण ती किती वाजता येते आणि तोवर घर बंद असतं, हे आता शंभरेक फोनमध्ये आहे. त्यात जुने भाडेकरू आहेत, एजंट आहेत, सोसायटी सोडून गेलेले लोकही आहेत. खाली चर्चा सुरू झाली, "ही रोज इतक्या उशिरा?" कचरा बाजूलाच राहिला.

ईमेलमध्ये मी कॅमेरे काढा असं म्हटलेलं नाही. मागणी एवढीच:

"क्लिप ग्रुपवर टाकायची असल्यास त्यातील रहिवाशांचे चेहरे व फ्लॅट क्रमांक झाकावेत. मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नये. क्लिप कोणी, कधी व कशासाठी काढली याची नोंद रजिस्टरमध्ये ठेवावी."

यातलं मधलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. "झाकलं तर पोलिसांना काय देणार?" असं विचारणाऱ्यांना उत्तर तिथेच आहे. पोलिसांना मूळ फुटेजच द्यायचं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश नोंदवतात. फाइलमध्ये जराही बदल केला तर हॅश बदलते. म्हणजे एक मूळ प्रत, जशीच्या तशी, पेन ड्राइव्हवर घेऊन कुलपात. ती लवकर घ्या, कारण हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर जुन्यावर नवं रेकॉर्डिंग करत जातो. ग्रुपसाठी दुसरी प्रत, तिच्यावर झाकाझाकी.

झाकायचं कसं? फ्लॅट नंबर सोपा. कॅमेरा हलत नाही, दाराची जागाही बदलत नाही. मोबाइलवरच्या एडिटिंग ॲपमध्ये, दार उघडलं तरी नंबर झाकलेला राहील एवढी मोठी काळी पट्टी पूर्ण क्लिपभर ठेवली की झालं. चेहरा हलतो, म्हणून पट्टीही त्याच्यासोबत सरकवावी लागते. पुसट करण्यापेक्षा भरीव काळा चौकोन बरा. हलक्या धूसरपणातून माणूस ओळखू येतो. आणि डीव्हीआरमधलं 'प्रायव्हसी मास्क' सेटिंग यासाठी वापरू नका. तिथे झाकलेला भाग सहसा रेकॉर्डच होत नाही, मग चोरी झाली तर पुरावाही जातो. डीव्हीआरच्या स्क्रीनचा मोबाइलने व्हिडिओ काढायची सवय तर आधी थांबवा. त्यात शेजारच्या चार कॅमेऱ्यांतले लोकही फुकटात येतात.

याला मर्यादा आहे, हेही सांगतो. आपल्याच बिल्डिंगमध्ये चालण्यावरून, ड्रेसवरून, गाडीवरून माणूस ओळखतात. म्हणून बऱ्याचदा क्लिप टाकूच नये. "मंगळवारी रात्री दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पिशवी ठेवली गेली, संबंधितांनी उचलावी" एवढी सूचना पुरते. कोण ते कळलं असेल तर कमिटीने त्याच्याशी दार लावून बोलावं.

कायद्याचं म्हणाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात घरगुती, खाजगी वापराला सूट आहे, पण ती एकट्या माणसाला. नोंदणीकृत सोसायटीला ती मिळेल असं मला कायदा वाचून वाटत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोपर्यंत थांबायची गरज नाही, सर्वसाधारण सभेत एक ठराव पुरेसा आहे.

"लपवायचं काय आहे?" या प्रश्नाला माझं उत्तर: घराला कुलूप कधी असतं, ते. कॅमेऱ्याचे पैसे आपण सगळ्यांनी मेंटेनन्समधून भरलेत, ते चोराला आपलं वेळापत्रक कळावं म्हणून नाही. आणि त्या ताईने तर काही लपवलंच नव्हतं. ती कामावरून घरी आली होती.

तुमच्या सोसायटीत डीव्हीआरचा पासवर्ड किती जणांकडे आहे, एकदा विचारून बघा.