चुका खोडल्या की संशय

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय, आणि तेही चिडून. विषय आहे 'हा निबंध माणसानं लिहिला की एआयनं' ते ओळखू म्हणणारे डिटेक्टर. डिस्लेक्सिया असलेल्या, किंवा मुळातच सरळसोट, तेच ते शब्द वापरून लिहिणाऱ्या मुलांवर ही यंत्रं इतरांपेक्षा जास्त वेळा बोट ठेवणार असं माझं म्हणणं आहे. त्याचं कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीतच आहे.

"सकाळी उठून मी चहा..." एवढं वाचलं की पुढे 'घेतला' येणार हे आपणही सांगू. कुणी 'चहा पेरला' लिहिलं तर दचकू. डिटेक्टर प्रत्येक शब्दापाशी असाच अंदाज बांधतो आणि आपण सरासरी किती दचकलो ते मोजतो. या मापाला पर्प्लेक्सिटी म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या जीपीटीझीरोनं हेच माप वापरलं, जोडीला वाक्यांच्या लांबी-रुंदीतला चढउतार. दचकणं कमी, वाक्यं एकसारखी, की शिक्का 'एआय'. आताचे बरेच डिटेक्टर नमुने दाखवून शिकवलेले असतात, पण गुळगुळीत आणि एकसुरी लिखाणाबद्दलचा त्यांचा संशय काही गेलेला नाही.

आता माझा भाचा घ्या. (नाव सांगत नाही, घरच्यांना कळलंच असेल!) अमेरिकेत कॉलेजात आहे, डिस्लेक्सिया लहानपणापासून. 'नेसेसरी'चं स्पेलिंग त्याला दरवेळी छळतं, म्हणून तो 'नीडेड' लिहितो. 'डेफिनेटली'च्या जागी 'रिअली'. जो शब्द नक्की येतो तोच पुन्हा पुन्हा, वाक्यं छोटी, म्हणजे हरवायला नको. त्याच्या कच्च्या लिखाणात चुका भरपूर असतात, आणि गंमत म्हणजे त्या चुकांना यंत्र चांगलंच दचकतं. कच्चा कागद तसाच दिला असता तर तो बहुधा माणूस ठरला असता! पण शाळेत दहा वर्षं याच चुकांचे मार्क कापले गेले, आणि मग शिक्षकांनीच सांगितलं, स्पेलचेक वापर, पुढचा शब्द सुचवणारं सॉफ्टवेअर वापर. ते सॉफ्टवेअर काय सुचवतं? सगळ्यात संभाव्य शब्द. म्हणजे चुका गेल्या, उरले ते अगदी अपेक्षित शब्द, आणि डिटेक्टर म्हणाला एआय. विचार त्याचा, मांडणी त्याची, पण त्याच्या हाताची खूणच पुसली गेली.

ऑटिझम असलेल्या काहींचं वेगळं. एका गोष्टीला एकच शब्द, तो शेवटपर्यंत बदलायचा नाही, हा त्यांचा काटेकोरपणा असतो. प्रयोगवहीत आपणही हेच शिकलो, नाही का? २०२४ मध्ये अमेरिकेत एका ऑटिस्टिक विद्यार्थिनीला अशाच साचेबद्ध लिखाणावरून शून्य मार्क मिळाल्याची बातमी आली होती.

"पण आमची चूक शेकडा एकाहून कमी," असं कंपन्या सांगतात. मला हा युक्तिवाद सगळ्यात जास्त खटकतो. ही चूक लॉटरीसारखी सगळ्यांत वाटली जात नाही. ज्याची शैलीच तशी, तो दहा निबंधांत पुन्हा पुन्हा सापडतो, आणि मास्तर म्हणतात, "तिसऱ्यांदा? म्हणजे नक्कीच!" खात्रीसाठी दुसरा डिटेक्टर लावला तरी तोही तेच मापतो. एकाच काट्यावर दोनदा वजन केलं म्हणून काटा बरोबर ठरत नाही.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे, ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. सगळे माणसांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्के एआयचे ठरले, आणि १८ निबंधांवर तर सातही डिटेक्टरांचं एकमत झालं! मुलं डिस्लेक्सियाची नव्हेत हे खरं, पण अडचण तीच, हाताशी शब्द थोडे. मग त्यांनी चॅटजीपीटीकडूनच ते शब्द भारी करून घेतले, तर चुकीचे शिक्के १२ टक्क्यांच्या आत आले. म्हणजे माणूस ठरायला यंत्राची मदत घ्या! ओपनएआयनं स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये मागे घेतला, अचूकता कमी म्हणून. मग कॉलेजांना तरी एवढा विश्वास कुठून येतो?

त्या आकड्यावरून आरोपपत्र काढू नये, एवढीच माझी मागणी आहे. शंका आली तर मुलाला समोर बसवा, दहा मिनिटं त्याच्या निबंधाबद्दल बोला. "फाइलचा इतिहास दाखव" एवढ्यावर मात्र थांबू नका. भाच्यासारखी मुलं फोनवर बोलून मजकूर टिपतात आणि मग अख्खा परिच्छेद एकदम चिकटवतात. इतिहासात तो कुठून तरी उचललेलाच दिसतो.