एका क्षणाचे पाच फोटो, ठेवायचा कोणता?

आमच्या आपांच्या मुलीचा निकाह गेल्या जानेवारीत झाला. फोटो काढायचं काम घरच्याच मुलांकडे होतं. हल्ली मुलं बटण दाबतात ते एकदा नाही, दाबूनच धरतात. एका फोनमधून 386 फोटो निघाले. आपांनी ते पाहायला घेतले आणि अर्ध्या तासात फोन बाजूला ठेवला. म्हणाल्या, "एकच चेहरा पाच-पाच वेळा बघायचा तरी किती? तुम्हीच निवडा."

आम्ही आणि भाचा त्या रविवारी कामाला बसलो. ठरवलं असं, की काही सेकंदांच्या अंतराने काढलेले फोटो एका गटात घालायचे आणि प्रत्येक गटातला सर्वांत स्पष्ट फोटो तेवढा ठेवायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. पण यात कुठे फसायला होतं ते आम्ही अनुभवलं, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. भाचा म्हणाला, "मामू, सगळे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, तुम्ही तिथून घ्या." आम्ही नको म्हटलं. फोटो काढला त्या क्षणाची वेळ फोन त्या फोटोतच नोंदवून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ती नोंद गळून जाते आणि चित्रही दाबून लहान होतं. मग ना गट नीट पडतात, ना स्पष्टपणा नीट मोजता येतो. म्हणून केबल लावून मूळ फोटो संगणकावर घेतले. तिथेही 'फाइल बदलल्याची तारीख' पाहायची नाही, ती नक्कल करताना बदलू शकते. पाहायची ती फोटो काढल्याची वेळ, `DateTimeOriginal` या नावाने नोंदलेली. दोन फोनचे फोटो असतील तर गट वेगवेगळे पाडावेत, कारण दोन्ही घड्याळं सेकंदाला सेकंद जुळतीलच असं नाही.

आता गट. फोटो वेळेप्रमाणे ओळीने लावायचे आणि मागच्या फोटोपासून तीन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की नवा गट सुरू करायचा. आमच्याकडे 12:41:07, 12:41:07, 12:41:08, 12:41:10 आणि मग एकदम 12:41:52 असे फोटो होते. पहिले चार एका गटात गेले, पाचवा दुसऱ्या.

पण स्टेजवर पाहुणे भेटायला आले तेव्हाचे फोटो या नियमाने बिघडले. एक कुटुंब उतरतं, दुसरं चढतं, आणि मुलगा दर दोन सेकंदांनी बटण दाबतोय. कुठेच तीन सेकंदांची फट नाही, त्यामुळे अर्ध्या मिनिटाची सगळी रांग एकच गट झाली. त्यातून एकच फोटो ठेवला असता तर बाकी पाहुण्यांची आठवणच पुसली गेली असती. म्हणून दुसरा नियम जोडला. गटातल्या पहिल्या फोटोपासून दहा सेकंद झाले की गट तोडायचा. एखादा फोटो जास्त राहिला तर चालतो, माणूस वगळला गेला तर चालत नाही.

असे एकूण 118 गट पडले. त्यांतल्या 52 गटांत एकेकच फोटो होता. तो धूसर असला तरी ठेवायचा, कारण त्या क्षणाचा दुसरा पुरावाच नाही. उरलेल्या 66 गटांत 334 फोटो होते. खरी निवड तेवढ्यांचीच.

स्पष्टपणा संगणक कसा ओळखतो? फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी आणि प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा एक आकडा. काळ्या शेरवानीवरची पांढरी किनार घ्या. स्पष्ट फोटोत आकडे 40, 40, 40, 200, 200, 200 असे एकदम उडी मारतात. हात हलला असेल तर तीच किनार 40, 72, 104, 136, 168, 200 अशी उतरण होते. आता प्रत्येक ठिपक्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज करा आणि त्यातून त्या ठिपक्याची दुप्पट वजा करा. स्पष्ट किनारीजवळ 160 आणि -160 येतात, धूसर उतरणीवर बहुतेक शून्य आणि टोकांना फक्त 32 आणि -32. या पद्धतीला लाप्लासियन म्हणतात. सगळ्या फोटोभर असे आकडे काढून त्यांचा पसारा, म्हणजे व्हेरियन्स, मोजायचा. ज्याचा पसारा मोठा तो फोटो स्पष्ट. पायथन आणि ओपनसीव्ही असलेल्या संगणकावर एवढंच लिहावं लागतं:

```
import cv2
g = cv2.imread("IMG_20250112_124107.jpg", 0)
print(cv2.Laplacian(g, cv2.CV_64F).var())
```

भाच्याने सगळ्या गटांवर हे चालवलं आणि निवडलेले फोटो समोर आले. रुखसतीच्या गटापाशी आपा थांबल्या. "दुल्हन अब्बांच्या गळ्यात पडली तो फोटो कुठे आहे?" तो निवडीत नव्हता. त्या गटात पाच फोटो होते. गळाभेटीच्या फोटोत दुल्हाभाईंच्या साध्या पांढऱ्या कुर्त्याने निम्मी चौकट भरली होती, आणि कोऱ्या कापडावर आकड्यांना उडी मारायला जागाच नसते. पुढच्या फोटोत दोघं बाजूला झाले होते आणि मागची फुलांची सजावट उघडी पडली होती. शेकडो पाकळ्या, शेकडो किनारी. संगणकाने चेहरे नाही, फुलं मोजली होती. गळाभेटीचा फोटो मुळीच धूसर नव्हता.

तेव्हा उमगलं, की हा आकडा तुलनेला तेव्हाच खरा, जेव्हा दोन्ही फोटोंत तीच वस्तू तेवढीच जागा व्यापते. एका गटाचा आकडा दुसऱ्या गटाशी ताडण्यात तर काहीच अर्थ नाही. कमी उजेडातल्या फोटोत दाणे येतात, तेही आकडा फुगवतात. मिटलेले डोळे तर आकड्याला दिसतच नाहीत. म्हणून आम्ही पुन्हा मोजलं, या वेळी फक्त चेहऱ्याभोवतीचा चौकोन कापून. तरीही प्रत्येक गटातले वरचे दोन फोटो आपांसमोर ठेवले. 66 पैकी नऊ गटांत त्यांनी संगणकाची निवड बदलली.

संगणक नसेल तर हेच काम फोनवर डोळ्यांनी होतं. गटातला प्रत्येक फोटो सारखाच मोठा करा आणि जवळच्या माणसाच्या पापण्या पाहा. केस सुटे सुटे दिसले तर फोटो स्पष्ट. दुहेरी रेघ दिसली तर हात हलला होता. पापण्या मऊ पण मागचा पडदा रेखीव असेल तर कॅमेऱ्याने पडद्यावर नेम धरला होता.

शेवटी 118 फोटो राहिले. बाकीचे 268 आम्ही पुसले नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले. भाच्याला तेवढं बजावलं, की घरातल्या सगळ्यांनी निवड पाहिल्याशिवाय त्या फोल्डरला हात लावायचा नाही. गळाभेटीचा फोटो तिथूनच परत मिळाला. पहिल्याच फेरीत सरळ पुसून टाकलं असतं, तर आपांना आम्ही काय उत्तर दिलं असतं?