सोडा स्टीलला, अॅल्युमिनियमला नको

पातेले करपले की घरोघरी एकच सल्ला मिळतो : खाण्याचा सोडा टाकून उकळा. स्टीलच्या भांड्यासाठी तो उत्तम आहे. अॅल्युमिनियमसाठी मात्र तोच सल्ला चुकीचा ठरतो, आणि हा फरक सहसा कुणी सांगत नाही.

दूध तापताना त्यातली प्रथिने तळाशी बसतात, त्यांच्यासोबत कॅल्शियमचे क्षारही धरतात आणि दुधातल्या साखरेमुळे हा थर तपकिरी, मग काळा होतो. भात लागतो तेव्हा पिठूळ स्टार्च वाळून चिकटतो. सोड्याचे पाणी अल्कधर्मी असते. त्यात प्रथिनांचा थर फुगतो, सैल होतो. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्याला सोड्याने काही होत नाही.

म्हणून स्टीलच्या पातेल्यात करपलेला भाग बुडून वर बोटभर राहील इतके पाणी घ्यावे, लिटरमागे एक मोठा चमचा सोडा घालून मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे आणि कोमट होईपर्यंत तसेच ठेवावे. लाकडी उलथन्याने खरवडले की पापुद्रे सुटतात. न सुटल्यास पाणी बदलून पुन्हा उकळावे. चाकूने खरवडू नये. शेवटी पांढुरके डाग राहिले तर ते कॅल्शियमचे असतात. तिथे सोडा निरुपयोगी, लिंबाची फोड चोळावी.

अॅल्युमिनियम आणि हिंडालियमचे रक्षण करणारा थर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. उकळत्या सोड्यात तो विरघळू लागतो, भांडे काळवंडते आणि खाली उघडी पडलेली धातूही झिजते. नळ्या साफ करायचा कॉस्टिक सोडा तर अशा भांड्यात कधीच घालू नये; त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो.

अशा टोपात गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून रात्रभर भिजत ठेवावे. भाताला बहुतेक वेळा तेवढे पुरते. उरलेल्या थरासाठी चिंचेचे किंवा लिंबाच्या सालींचे पाणी पाच-दहा मिनिटे उकळून लगेच ओतून द्यावे. आंबट पाणी रात्रभर ठेवले तर तेही धातू खाते. घासायला तारेची घासणी नको, काथ्या किंवा नायलॉनची घ्यावी. भांडे तापलेले असताना थंड पाणी ओतले की बूड वाकते, हेही लक्षात असू द्यावे.

लख्ख चकाकणारे अॅल्युमिनियम पाहून समाधान वाटते खरे, पण तो चकाकीचा हट्ट सोडलेला बरा. नुकत्याच घासलेल्या भांड्यात टोमॅटोचे सार किंवा चिंचेची आमटी केली तर अन्नात अॅल्युमिनियम जास्त उतरते. निरोगी मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. ज्यांची मूत्रपिंडे कमजोर आहेत त्यांच्या घरी आंबट पदार्थ स्टीलमध्येच शिजवावेत. घासून झाल्यावर त्या टोपात आधी एकदा साधे पाणी उकळून टाकावे. त्याने येणारी मळकट करडी छटा घासून काढू नये, तोच नवा संरक्षक थर असतो.