साडेपाच गुणांचं पत्र आणि तीन गुणांचं पत्र

परवा एका ओळखीच्या सरांकडे चहाला गेलो होतो. तालुक्यातल्या एका शाळेत ते दहावीला मराठी शिकवतात. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण दोष शाळेचा नाही आणि सरांचा तर नाहीच. समोर सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. "तुम्ही पेपरवाले, हे बघा जरा," म्हणत त्यांनी दोन उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवल्या.

प्रश्न पत्रलेखनाचा. गावात सकाळी येणारी एसटी वेळेवर येत नाही, विद्यार्थ्यांची गैरसोय होते, तर विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने आगार व्यवस्थापकांना तक्रारीचं पत्र लिहा. गुण सहा. सरांनी त्याची फोड लाल पेनानं कोपऱ्यात करून ठेवली होती : प्रारूप 2, आशय 3, भाषा 1.

पहिल्या पत्राला साडेपाच. दिनांक जागेवर, 'प्रति' जागेवर, विषय ठळक आणि खाली रेघ, महोदय, शेवटी आपला विश्वासू, पत्ता, ई-मेल. मधला मजकूर असा, की आमच्या गावी येणारी बस वेळेवर येत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांचे अतोनात हाल होतात, एसटी ही ग्रामीण भागाची जीवनवाहिनी आहे, विद्यार्थी हे देशाचे भविष्य आहेत, तरी आपण जातीने लक्ष घालून योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती. अर्धा गुण गेला तो शुद्धलेखनाच्या दोन चुकांसाठी.

दुसऱ्या पत्राला तीन. विषयाची ओळच नाही. तारीख खाली सहीजवळ. 'महोदय'च्या जागी 'साहेब'. पण त्या पोरीनं लिहिलं होतं की सहा चाळीसची गाडी सोमवारी आणि मंगळवारी सव्वासातला आली, बुधवारी आलीच नाही. वस्तीवरून आम्ही अकरा मुली येतो. गाडी चुकली की घरी परत, कारण नंतरची गाडी दहाला. दोघींच्या घरी म्हणतात असंच चाललं तर शाळा पुरे. आणि शेवटी, 'ही गाडी आधी रात्री गावात मुक्कामाला असायची तेव्हा वेळेवर सुटायची. ती परत मुक्कामी ठेवा.'

प्रारूप अर्धा, आशय दोन, भाषा अर्धा.

मी वीस वर्षं आगाराच्या पायऱ्या झिजवतोय, तेव्हा एवढं सांगू शकतो. पहिलं पत्र टेबलावर आलं तर व्यवस्थापक काय करेल? कोणती गाडी, कोणता दिवस, काहीच कळत नाही. तो एक ओळीचं उत्तर काढेल, 'बस वेळेवर सोडण्याबाबत संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत', आणि कागद दप्तरी दाखल. त्याला तरी दोष कसा द्यायचा? दुसऱ्या पत्रावर मात्र त्याला वाहतूक नियंत्रकाला बोलवावं लागेल. ती फेरी, ते तीन दिवस, गाडी आगारातून कधी सुटली, बुधवारी का रद्द झाली, हे सगळं नोंदीत सापडतं. मुक्कामाच्या मागणीला तो नाही म्हणू शकतो. गावात चालक-वाहकाला झोपायला धड खोली नाही, संडास नाही, ही कारणं मी कित्येकदा ऐकलीत आणि ती खोटी नसतात. पण नाही म्हणायचं तरी त्या मागणीवर बोलावं लागतं.

सरांना म्हटलं, हे उलटं झालंय. सर शांतपणे म्हणाले, "एका रात्री सत्तर पेपर असतात. प्रारूप डोळ्याला दिसतं. दिनांक आहे की नाही, विषय आहे की नाही, यात दोन मास्तरांचं दुमत होत नाही. आशयाला मी तीन दिले आणि नियामकांनी दीड केले तर मी काय सांगू? मुलांनाही तेच बरं पडतं. कच्च्या पोराला प्रारूप पाठ करून घेतलं की दोन गुण खिशात." यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. शेकड्यांनी मास्तर एकाच प्रश्नाचे पेपर तपासणार असतील, तर तपासणी सारखी व्हायलाच हवी.

मग मी उत्तर सोडून प्रश्नाकडे बघायला लागलो. खरी गडबड तिथं आहे.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत 80 पैकी 24 गुण उपयोजित लेखनाला आहेत. त्यातले सहा पत्रलेखनाचे, पर्याय सारांशलेखनाचा. पत्राच्या प्रश्नात बहुतेक वेळा एक चौकट असते. समजा एखाद्या रोपवाटिकेची जाहिरात : नाव, पत्ता, कोणती रोपं मिळतील, सवलत किती. खाली दोन पर्याय, विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपांची मागणी करा किंवा उपक्रमाबद्दल अभिनंदन करा. आता यात मुलानं ठरवायचं काय राहिलं? कोणाला लिहायचं ते चौकटीत. काय मागायचं ते प्रश्नात. लिहिणारा कोण तेही दिलेलं. चौकटीतली चार वाक्यं उचलायची आणि पुढेमागे नम्रपणा लावायचा. आशयाचे गुण नावाला आशयाचे असतात, मिळतात ते उतरवून काढण्याचे.

आणि तक्रारपत्रात सरांच्या प्रश्नासारखी चौकटच नसेल, तर उलटा घोळ. उतरवायला काही नाही, म्हणून मुलं जीवनवाहिनी आणि देशाचं भविष्य आणतात. मार्गदर्शकातून पाठ केलेलं हे सारण एसटीच्या पत्रात चालतं, पाण्याच्या टाकीच्या पत्रात चालतं, वाचनालयाच्याही चालतं. आशयाचं पत्र खरं आहे की भरताड, हे ओळखायची माझी एक साधी रीत आहे. विषयाची ओळ झाका आणि मधला मजकूर वाचा. पत्र कशाबद्दल आहे हे कळायला एखादा शब्द बदलणं पुरत असेल, तर त्यात आशय नाही.

आमच्या कार्यालयात एकदा गंमत झाली. गंमत म्हणायची, पण हसू आलं नाही. एका विद्यार्थ्याचं टपालानं पत्र आलं, शाळेजवळच्या उघड्या गटाराबद्दल. अक्षर सुंदर, सगळा मजकूर डाव्या समासाला, अगदी नव्या पद्धतीनं. शेवटी सही : अ. ब. क. आणि पत्ताही क्षयज नगर छापाचा! परीक्षेत स्वतःचं नाव लिहायचं नाही, ओळख पटता कामा नये, हा नियम बरोबरच आहे. पण ते पोर इतकी वर्षं अ. ब. क. लिहीत आलं, की खऱ्या पत्रातही तेच लिहून बसलं. बातमी करायची तर गटार कुठलं? निनावी अर्जाचं सरकारी कार्यालयात काय होतं ते सांगायला नको.

तीच गोष्ट 'आपला विश्वासू'ची. वर्गात निम्म्या मुली असतात आणि त्यातल्या कितीतरी जणी 'आपला विश्वासू' लिहितात, कारण फळ्यावर तसं होतं.

प्रारूपाला माझा विरोध नाही, उलट मी त्याच्या बाजूचा आहे. फक्त ते कशासाठी आहे हे मुलांना कुणी सांगत नाही. विषयाची ओळ आवक-जावकच्या टेबलावरच्या माणसासाठी असते. तो अख्खं पत्र वाचत नाही, ती ओळ नोंदवहीत उतरवतो आणि त्यावरून कागद कुठल्या टेबलाला जाणार ते ठरतं. त्या मुलीचं पत्र विषयाविना गेलं असतं तर आस्थापनेच्या टेबलावरही जाऊन पडलं असतं. पद लिहायचं, व्यक्तीचं नाव नाही, कारण साहेबाची बदली होते, खुर्चीची होत नाही. तारीख आणि आपल्या प्रतीवरचा आवकचा शिक्का यासाठी, की पुढे दिवस मोजता यावेत. माहिती अधिकाराचे 30 दिवस अर्ज कार्यालयात मिळाल्यापासून धरतात, अर्ज तुम्ही कधी लिहिलात त्यावरून नाही. हे सांगितलं तर दिनांक पाठ करावा लागत नाही.

सरांच्याच फोडीनं, 2-3-1 तशीच ठेवून, आम्ही दोन्ही पत्रं पुन्हा तपासली. प्रारूपात एवढंच बघायचं की पत्र योग्य टेबलावर पोचेल का आणि उत्तर परत येईल का. आशयाचे तीन गुण तीन गोष्टींना : नेमकं काय घडलं, त्यानं कुणाचं काय अडलं, आणि समोरच्याच्या हातातली कोणती गोष्ट मागितली. 'योग्य ती कार्यवाही' ही मागणी धरायची नाही. पहिल्या पत्राला प्रारूपाचे पुरे दोन, काय घडलं याला अर्धा, कुणाचं अडलं याला अर्धा, मागणीला शून्य, भाषेला अर्धा. साडेतीन. दुसऱ्याला प्रारूपाचा एक, आशयाचे पुरे तीन, भाषेला अर्धा. साडेचार. सर थोडे चपापले. दोघांनी वेगवेगळे गुण मांडले होते आणि आमचा फरक अर्ध्या गुणाचा आला. म्हणजे सत्तर पेपरांतही हे जमू शकतं.

बोर्डाच्या परीक्षेत प्रत्येकाच्या गावची गाडी विचारता येणार नाही, हे कबूल. पण चौकट बदलता येईल. एका बाजूला गाड्यांचं वेळापत्रक द्या, दुसऱ्या बाजूला एका मुलीच्या वहीतल्या चार दिवसांच्या नोंदी, त्यात दोन नोंदी बिनकामाच्या. डबा विसरला, पाऊस होता वगैरे. कोणाला लिहायचं आणि काय मागायचं ते सांगू नका. मुलानं कामाच्या नोंदी निवडल्या का, वेळापत्रकाशी ताडून बघितल्या का आणि मागणी त्यातून निघते का, हे कुठल्याही मास्तरला मोजता येईल. ओळखही उघड होत नाही. मार्गदर्शकातलं सारण मात्र इथं कुचकामी ठरतं.

सरांनी गुणपत्रक बदललं नाही, सगळ्यांना एकच पट्टी लावलेली होती. मात्र त्या मुलीला बोलावून तिचं पत्र तिच्याकडून पुन्हा लिहून घेतलं. वर विषय, वर तारीख, 'आपली विश्वासू', खाली तिचं खरं नाव आणि बाकीच्या दहा जणींच्या सह्या. सोमवारी तिचे वडील आगारात देऊन आले. शिक्का मारलेली दुसरी प्रत माझ्या टेबलावर आहे. गाडी अजून मुक्कामी आलेली नाही. काल ती सात वाजता आली.