पाच मिली, पण कुठल्या बाटलीतले?

तापाचे दिवस सुरू झाले की काउंटरवर पॅरासिटामॉलच्या पातळ औषधाची मागणी वाढते आणि तिच्यासोबत एक ठरलेला प्रश्नही येतो: ‘किती द्यायचं?’ उत्तर शोधायला आपण खोका फिरवतो. काही खोक्यांवर फक्त ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार’ एवढेच छापलेले असते. काहींवर किंवा आतल्या माहितीपत्रकात तक्ता असतो, डावीकडे वजन आणि उजवीकडे मिली. तक्ता दिसला की काम सोपे झाले असे वाटते. या अंकात आम्हाला त्याच तक्त्याबद्दल बोलायचे आहे, कारण तो वाचताना बहुतेक जण त्याच्या वरची एक ओळ वाचायचे सोडून देतात.

ती ओळ म्हणजे ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये पॅरासिटामॉल अमुक मिलिग्रॅम’. आपल्या बाजारात हेच औषध ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असे मिळते, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असे मिळते आणि लहान बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे सगळ्यात छोट्या बाटलीतले औषध सगळ्यात तीव्र. पालकांचा समज नेमका उलटा असतो. बाळाचे औषध म्हणजे सौम्य औषध. तक्त्यातला मिलीचा आकडा ज्या खोक्यावर छापला आहे, त्याच खोक्यातल्या बाटलीपुरता खरा असतो. शेजारच्या बाटलीला तो लावता येत नाही.

एक उदाहरण सोडवून पाहू. मूल ११ किलोचे आहे. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलासाठी ११० ते १६५ मिलिग्रॅम. घरात १२० मिलिग्रॅमची बाटली होती आणि तिच्या तक्त्याप्रमाणे आई ५ मिली देत होती. १२० ला ११ ने भागले की किलोमागे जवळपास ११ मिलिग्रॅम येतात. डोस योग्य होता. बाटली संपली. वडील दुकानात आले, त्याच कंपनीचे नाव सांगितले आणि हातात २५० ची बाटली पडली. नाव तेच, चित्र तेच, फक्त नावामागे ‘२५०’ किंवा ‘डीएस’ अशी छोटी शेपटी. घरी पुन्हा ५ मिलीच दिले गेले. आता एका वेळेला किलोमागे जवळपास २३ मिलिग्रॅम जातात. दिवसातून चार वेळा दिले तर ९१ मिलिग्रॅम, आणि दिवसाची सर्वसाधारण कमाल मर्यादा किलोमागे ६० ते ७५. असा एखादा डोस जास्त गेला म्हणून सहसा काही बिघडत नाही. पण ताप तीन दिवस रेंगाळला, मूल जेवत नसले आणि हाच डोस चालू राहिला, तर भार यकृतावर येतो. त्याची पहिली लक्षणे म्हणजे मळमळ, उलटी, अन्नावरची वासना जाणे. घरचे ती तापाच्याच खात्यात टाकतात आणि पुढचा डोस देतात. या मुलाला २५० च्या बाटलीतून २.२ ते ३.३ मिली पुरेसे होते. थेंबांच्या बाटलीतून १.१ ते १.६ मिली. तिथे कोणी चमचाभर ओतले तर एकाच वेळी ५०० मिलिग्रॅम जातील.

म्हणून तक्ता पाहिल्यावर उलटा हिशेब करण्याची सवय लावावी. तक्त्यातले मिली घ्या, त्याचे मिलिग्रॅम करा, समोरच्या मुलाच्या वजनाने भागा. उत्तर १० ते १५ च्या आत आले पाहिजे. याला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही.

हाच हिशेब वजनाच्या गटांनाही लावून पाहावा. परदेशातून नातवंडांसाठी आणलेल्या बाटल्या आता आपल्याकडेही घरोघरी दिसतात, म्हणून अमेरिकी तक्ता घेऊ. तिथे २०११ पासून बाळांचे आणि मोठ्या मुलांचे औषध ५ मिलीत १६० मिलिग्रॅम अशा एकाच तीव्रतेवर आणले गेले. त्यातली २४ ते ३५ ही ओळ ५ मिली सांगते. हे आकडे पौंडांचे आहेत. २४ पौंड म्हणजे १०.९ किलो, आणि १६० मिलिग्रॅमचा डोस किलोमागे १४.७ होतो. ३५ पौंड म्हणजे १५.९ किलो, तिथे तोच डोस १०.१ वर येतो. गट कसा बेतला आहे ते यातून दिसते: हलक्या टोकाला वरची मर्यादा, जड टोकाला खालची. त्यामुळे सीमेवरच्या मुलाला ‘होईलच की तेवढं’ म्हणून वरच्या ओळीत ढकलायला जागाच उरत नाही. आणि २४ किलोच्या मुलाच्या आजोबांनी पौंड न पाहता ती ओळ वाचली, तर मुलाला किलोमागे सात मिलिग्रॅमसुद्धा मिळत नाहीत. मग ताप उतरत नाही आणि ‘हे औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

वजनाच्या शेजारी वयाचा रकाना असतो, तो आमच्या मते आपल्याकडे अधिक घातक. ब्रिटनमधले डोस वयानुसारच ठरवलेले आहेत. १२० मिलिग्रॅमच्या औषधाचे चार ते सहा वर्षांच्या मुलाला १० मिली, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. तिथल्या सोळा किलोच्या चार वर्षांच्या मुलाला हे २४० मिलिग्रॅम बरोबर बसतात. आपल्या अंगणवाडीत चार वर्षांचे, पण १२ किलोचे मूल सापडणे अवघड नाही. त्याला तेच १० मिली म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम, दिवसाला ८०. शिवाय कुपोषित मुलाच्या यकृतात या औषधाचा घातक अंश निकामी करणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा आधीच कमी असतो. ज्याला मर्यादा सर्वाधिक जपायची, त्यालाच वयाचा रकाना ती ओलांडायला लावतो. वजन माहीत असेल तर वयाकडे बघूच नये. माहीत नसेल तर लसीकरणाच्या कार्डावरची शेवटची नोंद विचारावी, किंवा दुकानातल्या काट्यावर आईला मुलासकट आणि मुलाशिवाय उभे करावे. अशा वजनात अर्ध्या किलोची चूक राहील. ती वयाच्या अंदाजापेक्षा परवडली. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, तर मात्र कुठलाच तक्ता उघडायचा नाही. त्याला सरळ डॉक्टरांकडे पाठवायचे.

तक्त्याखालची बारीक ओळही मोठ्याने वाचून दाखवावी. ‘दर चार ते सहा तासांनी’ एवढेच लक्षात राहिले तर चोवीस तासांत सहा डोस होतात, आणि किलोमागे १५ मिलिग्रॅमने हिशेब ९० वर जातो. म्हणूनच त्या ओळीत डोसांची कमाल संख्या दिलेली असते, चार किंवा पाच. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असेल तर तेही या मोजणीत येते, ही गोष्ट पालकांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.

मोजायचे साधन ज्या त्या बाटलीचेच हवे. थेंबांच्या बाटलीतला ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत घालू नये, आणि स्वयंपाकघरातला चमचा तर नकोच. २.२ मिलीसारखा आकडा टोपणावर मोजता येत नाही. तिथे बिनसुईची ५ मिलीची सिरिंज द्यावी आणि तिच्यावर किती रेघेपर्यंत औषध ओढायचे ते पेनाने खूण करून दाखवावे. बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी: वजन, तारीख, मिली, दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा. पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक दुसऱ्या तीव्रतेची बाटली घेऊन गेले, तर जुन्या चिठ्ठीवर काट मारून नवी लिहावी आणि घरात उरलेली बाटली आहे का, हे त्याच वेळी विचारावे.