अंकांची बेरीज जुळली, म्हणून क्रमांक बरोबर?

भांडारातून सामान देताना रजिस्टरवरचा क्रमांक कागदावर उतरतो, कागदावरून फोनवर सांगितला जातो आणि पलीकडचा कॅडेट तो संगणकात भरतो. या प्रवासात क्रमांक चुकला तर ओळखायचा कसा? एक उपाय असा की, क्रमांकाबरोबर त्याच्या अंकांची बेरीजही लिहावी आणि पलीकडे ती पुन्हा करून पाहावी. एक्सेलमध्ये त्यासाठी हे सूत्र वापरतात:

```
=SUMPRODUCT(--MID(A2,ROW(INDIRECT("1:"&LEN(A2))),1))
```

हे सूत्र शिकवावे, पण पडताळणीसाठी त्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

आधी ते काय करते ते पाहू. A2 मध्ये ४८२७३ आहे असे समजा. LEN सांगते की अंक ५ आहेत. ROW आणि INDIRECT मिळून १ ते ५ ही यादी तयार करतात. MID त्या प्रत्येक जागेवरचा एकेक अंक उचलते: ४, ८, २, ७, ३. मात्र MID अंक देते तो मजकूर म्हणून, संख्या म्हणून नव्हे. आधीची दोन वजा चिन्हे त्या मजकुराची संख्या करतात. ती विसरली तर एक्सेल चूक दाखवत नाही, उत्तर शून्य देते. शेवटी SUMPRODUCT सगळे मिळवते: २४.

आता कोणी शेवटच्या ३ ऐवजी ८ लिहिले, तर बेरीज २९ येते आणि चूक पकडली जाते. पण घाईत ४८२७३ चे ४८७२३ झाले तर? बेरीज पुन्हा २४! अंक तेच आहेत, फक्त जागा बदलल्या. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल ही तर क्रमांक उतरवताना नेहमी होणारी चूक. नेमकी तीच या बेरजेतून निसटते, आणि बेरीज जुळली म्हणून आपण निर्धास्त होतो. न तपासलेल्या क्रमांकापेक्षा हे मला जास्त धोक्याचे वाटते.

यावर उपाय SUMPRODUCT च्या नावातच आहे. ते गुणाकारांची बेरीज करते, आणि वरच्या सूत्रात आपण गुणाकार केलेलाच नाही. प्रत्येक अंकाला त्याच्या जागेने गुणू या:

```
=SUMPRODUCT(MID(A2,ROW(INDIRECT("1:"&LEN(A2))),1)*ROW(INDIRECT("1:"&LEN(A2))))
```

४८२७३ साठी ४ + १६ + ६ + २८ + १५ म्हणजे ६९. अदलाबदल झालेल्या ४८७२३ साठी ४ + १६ + २१ + ८ + १५ म्हणजे ६४. फरक ५ चा, म्हणजे ७ आणि २ मधला जेवढा तेवढाच. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले की हा फरक शून्य कधीच येत नाही. एकच अंक चुकला तरी उत्तर बदलतेच. गुणाकारामुळे मजकुराची संख्याही आपोआप होते, म्हणून इथे दोन वजा चिन्हे लागत नाहीत.

याही बेरजेला मर्यादा आहे. ६७२७३ चे उत्तरही ६९ च येते, कारण पहिला अंक २ ने वाढला आणि दुसरा १ ने घटला. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. पण साध्या बेरजेच्या तुलनेत ही गाळणी बरीच बारीक आहे. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही अशाच तपासणीसाठी असतो, फक्त त्याची पद्धत याहून कडक आहे.

वापरताना तीन गोष्टी पाळाव्यात. क्रमांकाचा रकाना आधीच टेक्स्ट म्हणून ठरवावा. नाहीतर ००४८ चे ४८ होते आणि १५ च्या पुढचे अंक शून्य होतात. चौकट रिकामी असेल तर #REF! येते, आणि क्रमांकात अक्षर किंवा आडवी रेघ असेल तर #VALUE!. ही दोन्ही उत्तरे दिसली की सूत्राला दोष न देता आधी नोंद पाहावी. तिसरी गोष्ट महत्त्वाची: पडताळणीची संख्या मूळ रजिस्टरवरून काढून क्रमांकासोबत पाठवलेली असावी. पलीकडच्याने स्वतः भरलेल्या क्रमांकावरूनच ती काढली, तर चुकीचा क्रमांक स्वतःलाच बरोबर ठरवतो.

म्हणून प्रशिक्षकांना विनंती, की संगणकाच्या तासाला साधी बेरीज जरूर करून घ्यावी, पण त्याच तासाला दोन अंक उलटवून कॅडेटना ती फसताना दाखवावी आणि दुसरे सूत्र त्यांनाच शोधायला लावावे. भांडाराच्या छापील यादीत क्रमांकाशेजारी छापायची असेल, तर ती जागेने गुणलेली संख्याच छापावी.